टायरचे किलोमीटर आणि खड्ड्यांचा रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न हॅचबॅक किंवा छोटी सेडान चालवणाऱ्यांचे आहेत. त्यातही मुंबई–गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर पट्ट्यात, किंवा तशाच उखडलेल्या रस्त्यावर नेहमीची ये-जा असणाऱ्यांचे जास्त. ट्रकच्या टायरचं गणित पुष्कळ वेगळं असतं, त्यामुळे ते इथे घेतलेलं नाही.

दुकानात ‘पन्नास हजार आरामात चालेल’ असं सांगतात. हा आकडा येतो कुठून?

बहुतेक वेळा दुकानदाराच्या अनुभवातून. अमुक टायर घेतलेली गिऱ्हाईकं साधारण कधी परत येतात, हे त्याच्या लक्षात असतं. त्यात कंपनीच्या माणसाने सांगितलेला आकडा मिसळतो आणि एक गोल संख्या तयार होते. कंपनीचा आकडा तिच्या स्वतःच्या चाचण्यांमधून येतो. ठरावीक गाड्या, ठरलेला रस्ता, शिकवलेले चालक, आणि दर थोड्या अंतराने नक्षीची खोली मोजायची. पूर्ण टायर झिजेपर्यंत गाडी फिरवत नाहीत. काही हजार किलोमीटरवर किती झिजला ते पाहून पुढचा हिशेब मांडतात.

आपल्याकडे गाडीच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे मानक आहे. ते टायर भार आणि वेग सोसतो की नाही हे पाहतं. एआयएस-१४२ या मानकात फिरताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज मोजतात. टायर किती किलोमीटर चालला पाहिजे, हे या दोन्हींत कुठेच नाही. म्हणून दुकानात ऐकलेला आकडा हा अंदाज असतो. त्याच्यामागे कायद्याने बांधलेलं वचन नसतं.

काही टायरवर ‘ट्रेडवेअर ३००’, ‘ट्रेडवेअर ४२०’ असं लिहिलेलं असतं. ते काय?

ती टायर किती हळू झिजतो हे सांगणारी अमेरिकेची श्रेणी आहे. तिची चाचणी कशी होते हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो.

टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाभोवती सार्वजनिक रस्त्यांचा सुमारे ६४० किलोमीटरचा एक फेरा ठरवलेला आहे. तपासायचा टायर लावलेली गाडी आणि तुलनेसाठी ठरवलेला प्रमाण टायर लावलेली गाडी एकाच ताफ्यात या फेऱ्यावर धावतात. एका ताफ्यात जास्तीत जास्त चार गाड्या. आधी सुमारे १,३०० किलोमीटर टायर नुसते रुळवून घेतात, मग सुमारे १०,३०० किलोमीटरची खरी चाचणी होते. दर १,३०० किलोमीटरच्या आसपास नक्षीची खोली मोजतात, टायरच्या जागा बदलतात, हवा आणि चाकांचं अलाइनमेंट तपासतात. शेवटी झिजेचा दर काढून टायर कधी संपेल याचा हिशेब करतात आणि तो प्रमाण टायरशी ताडून श्रेणी देतात. श्रेणी टायरवर छापतो तो उत्पादकच.

आता आपल्या गाडीचा विचार करा. दर तेराशे किलोमीटरला अलाइनमेंट आणि रोटेशन कोण करतं? चाचणीच्या गाडीत चाक वाकडं राहायला सवडच मिळत नाही. आपल्याकडे टायरचं आयुष्य खाणारं एक मोठं कारण तेच आहे, आणि चाचणीत ते मुळातूनच काढून टाकलेलं असतं.

मग ४०० म्हणजे चाळीस हजार, असं धरायचं का?

नाही. १५० श्रेणीचा टायर त्या ठरलेल्या रस्त्यावर १०० श्रेणीच्या टायरच्या दीडपट टिकतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्याला किलोमीटरने गुणायचा कुठलाही अधिकृत नियम नाही. एकाच कंपनीचे दोन टायर समोर असतील तर तुलनेला तो थोडाफार कामी येतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बाबतीत फार विश्वास ठेवू नये, कारण श्रेणी देताना कोण किती हात राखून देतं हे बाहेरून कळत नाही.

टायर ‘संपला’ असं नेमकं कधी म्हणायचं?

कायद्याने कारच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. हे कळावं म्हणून खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या ठेवलेल्या असतात. टायरच्या कडेला बारीक त्रिकोण दिसतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेत पाहिलं की पट्टी सापडते. नक्षी त्या पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. नव्या टायरची खोली साधारण साडेसात मिलिमीटर धरली, तर वापरायला मिळतात ५.९ मिलिमीटर. सगळं भांडण या सहा मिलिमीटरांचं आहे.

पण टायर तीन प्रकारे संपतो. पहिला प्रकार म्हणजे पूर्ण रुंदीभर सारखा झिजून गुळगुळीत होणं. दुसरा, एकच कड खाल्ली जाणं आणि बाकीची नक्षी शाबूत असूनही टायर टाकावा लागणं. तिसरा, खड्ड्याच्या कडेला आपटून बाजूला फुगा येणं किंवा चीर जाणं. कंपनीचा किलोमीटरचा अंदाज फक्त पहिल्या प्रकाराचा असतो. खराब रस्त्यावर बरेचसे टायर दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकाराने जातात. त्यामुळे अंदाज आणि अनुभव यांची तुलना करण्याआधी आपला टायर कशाने गेला, हे बघायला हवं.

सारखी झीजसुद्धा खड्ड्यांच्या रस्त्यावर जास्त होते का? गाडी तर हळू चालते.

गाडी हळू चालते, पण सारखी हळू चालत नाही. टायर झिजतो तो रबर रस्त्यावर किंचित घसरताना, आणि हे घसरणं सगळ्यात जास्त होतं ते ब्रेक मारताना, वेग घेताना आणि वळताना. सरळ एका वेगात चाललेला टायर फारच थोडा झिजतो.

ताशी ५० किलोमीटरवरून पूर्ण थांबायला जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये घालवावी लागते, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त ५० वरून १५ वर येतानाच जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते. म्हणजे खड्डा आला म्हणून गाडी १५ वर आणली, की टायरच्या हिशेबात जवळजवळ सिग्नलला थांबल्यासारखंच झालं. लगेच खड्डा ओलांडून पुन्हा ५० गाठायचे. पुढच्या चाकांना इंजिनची ओढ असलेल्या गाडीत हे दोन्ही भार मुख्यतः पुढच्याच टायरवर येतात, वर स्टिअरिंगही त्यांनाच सांभाळायचं असतं. खड्डा चुकवायला झटकन वळवलेलं प्रत्येक स्टिअरिंग यात भर घालतं. झीज बलाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. बल दुप्पट झालं तर झीज दुपटीहून बरीच जास्त होते. म्हणून खड्ड्याच्या अलीकडे उशिरा आणि कचकन मारलेला ब्रेक लांबून हळू सोडलेल्या गाडीपेक्षा खूप महाग पडतो.

यात पृष्ठभागाचाही वाटा आहे. डांबर धुऊन गेलेल्या, खडी वर आलेल्या रस्त्यावर दगडांच्या धारदार कडा रबर खरवडतात. गणपतीच्या आधी घाईने खडी टाकून बुजवलेले खड्डे चार दिवसांत पुन्हा उघडतात आणि ती खडी रस्ताभर पसरते. त्यावर चाक जागच्या जागी फिरलं की नक्षीच्या ठोकळ्यांचे तुकडे उडतात. टायरवर हात फिरवलात तर असे टवके लगेच लागतात.

माझे टायर फक्त आतल्या बाजूने खाल्लेत. बाहेरून बघितलं तर नवेच वाटतात. हे कसं?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि गाडी जॅकवर उचलल्याशिवाय ती दिसतही नाही. कारण आहे टो. वरून पाहिलं तर पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जवळजवळ समांतर हवीत. खड्ड्यात चाक आदळून स्टिअरिंग चाकाशी जोडणारा टाय रॉड किंचित वाकला, त्याच्या टोकाचा सांधा म्हणजे एंड सैल झाला किंवा चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश फाटला, की ही समांतरता जाते. चाकं पुढच्या बाजूने बाहेर उघडली तर आतली कड खाल्ली जाते. आत मिटली तर बाहेरची.

चुकीचं माप किती लहान असतं ते पाहा. एक चाक फक्त अर्धा अंश वाकडं आहे असं धरा. पंधरा इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत त्याने जेमतेम सव्वातीन मिलिमीटरचा फरक पडतो, डोळ्यांना तो दिसणार नाही. पण अर्धा अंश वाकडं चाक गाडीबरोबर सरळ जाताना दर किलोमीटरला जवळपास ९ मीटर आडवं जायला बघत असतं. दुसऱ्या बाजूचं चाक त्याला तसं जाऊ देत नाही. दहा हजार किलोमीटरमध्ये ही आडवी ओढ ८७ किलोमीटर होते. यातला काही भाग रबर लवचीकपणाने सोसतं, उरलेला घासून भरला जातो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. टायरच्या नक्षीवर हात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. गाडी एका बाजूला खेचेलच असं नाही. दोन्ही चाकं मिळून सरळ जाणारी एक तडजोड काढतात आणि तुम्हाला दिसतं ते एवढंच, की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा तिरकं राहतंय. बरेच लोक ते तिरकं स्टिअरिंग महिनोन्‌महिने चालवून घेतात.

प्रत्यक्ष आकड्यांत दाखवा ना, किती फरक पडतो?

एक गाडी घेऊ. १८५/६५ आर १५ टायर, नव्याची खोली ७.५ मिलिमीटर, दुकानात सांगितलेलं आयुष्य ५० हजार. वापर रोजचा, रस्ता निम्मा बरा आणि निम्मा उखडलेला. १२ हजार किलोमीटरला खोली मोजली. पुढच्या डाव्या टायरची आतली कड ३.९, मध्य ५.२, बाहेरची कड ५.३. मागचे दोन्ही टायर सगळीकडे ६.४ च्या आसपास. पुढचा उजवा डाव्यापेक्षा थोडा बरा, म्हणून हिशेब डाव्याचाच करू.

पन्नास हजारांच्या अंदाजात दर हजार किलोमीटरला ०.१२ मिलिमीटर झीज धरलेली आहे. आपल्या टायरचा मध्य २.३ मिलिमीटर झिजला, म्हणजे हजाराला ०.१९. या दराने मध्यभाग एकूण ३१ हजारांपर्यंत जाईल. अंदाजापासून ३१ हजारांपर्यंतची घट ब्रेक, खडी, ऊन, वजन आणि पुढच्या चाकावरचा भार यांची. आतली कड मात्र ३.६ मिलिमीटर झिजली, हजाराला ०.३०. तिच्याकडे १.६ च्या वर फक्त २.३ मिलिमीटर उरलेत, ते साडेसात-पावणेआठ हजारांत संपतील. म्हणजे टायर वीस हजारांच्या आतच जाईल. ३१ वरून २० हजारांवर आणणारी ही घट एकट्या अलाइनमेंटची. लोक ‘कंपनी फसवते’ म्हणतात तेव्हा बहुतेक ही दुसरी घट त्यांच्या मनात असते, आणि तिच्यात कंपनीचा काहीच संबंध नसतो.

आता इथून पुढचे दोन रस्ते बघा. फक्त अलाइनमेंट केलं आणि टायर जागच्या जागी ठेवले, तर आतली कड हजाराला ०.१९ ने झिजून आणखी १२ हजार देईल. एकूण २४ हजार. अलाइनमेंट करून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घेतले, तर मागे झिजेचा दर हजाराला फक्त ०.०९ आहे, त्यामुळे तीच खाल्लेली कड तिथे २५ हजार काढते. मागून पुढे आलेल्या टायरकडे ४.८ मिलिमीटर आहेत, तेही ०.१९ च्या दराने २५ हजार देतात. चारही टायर ३७ हजारांच्या आसपास एकदम संपतात. नव्या टायरची उंच नक्षी जास्त हलते म्हणून सुरुवातीचा दर थोडा चढा असतो, तेव्हा प्रत्यक्षात याहून एखाद-दोन हजार जास्तही मिळू शकतात.

एक सावधगिरी. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी फिरते, म्हणून जास्त झिजलेले टायर मागे नेण्याची अदलाबदल जूनमध्ये करू नये. दिवाळीनंतर करावी, आणि पुढच्या पावसाआधी पुन्हा खोली मोजावी.

अलाइनमेंट करून दोन महिने झाले, पुन्हा आतून खातंय. मशिनवाला चुकला का?

कधीकधी. पण बहुतेक वेळा सैल भागांवर अलाइनमेंट केलेलं असतं. बुश फाटलेला किंवा लोअर आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट खिळखिळा असेल, तर मशिनवर उभ्या गाडीचं माप हिरवं म्हणजे बरोबर येतं आणि रस्त्यावर ब्रेक मारला की चाक आपली जागा सोडतं. म्हणून आधी गाडी उचलून चाक हाताने हलवून बघायला सांगा. वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आडवं धरून हलवलं आणि खेळ लागला तर टाय रॉड एंड. ते बदलल्यावरच मशीन लावायचं.

अलाइनमेंटच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही मापं छापून मागा. नुसती ‘नंतरची’ दिली तर काय दुरुस्त केलं ते कळत नाही. मागच्या चाकांचे आकडेही बघा. बहुतेक हॅचबॅकना मागे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध ट्विस्ट बीम असतो आणि तिथला टो फिरवायची सोयच नसते. मागचा आकडा लाल आला तर पुढे कितीही फिरवून उपयोग नाही, बीम वाकलाय का ते पाहावं लागतं.

कडेऐवजी टायर जागोजागी खोलगट झिजला असेल, म्हणजे एक ठोकळा उंच आणि पुढचा खाली, तर अलाइनमेंटकडे जाऊ नका. ते शॉकअपचं काम आहे. शॉकअप गेला की चाक रस्त्यावर नाचतं आणि जिथे आपटतं तिथे जास्त झिजतं. ६० च्या वर घुमल्यासारखा आवाज येतो, आणि लोक तो बेअरिंगचा समजतात.

टायर फक्त आठ हजार चाललाय आणि बाजूला फुगा आला. हा तर उत्पादनातला दोष ना?

बहुधा नाही. रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, पण बाजूच्या भिंतीत साधारणपणे पॉलिस्टर दोऱ्यांचे एक-दोन थर आणि रबर, एवढंच. खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक वेगात आदळलं की ही भिंत रिम आणि खड्डा यांच्यात चिमटली जाते. आतले दोरे तुटतात, वरचं रबर शाबूत राहतं. मग तेवढ्या जागी हवेचा दाब सोसायला फक्त रबर उरतं आणि ते बाहेर फुगतं. टायर सोडवून आत बोट फिरवलं तर बऱ्याचदा तिथेच एक आडवी रेघ किंवा चीर लागते. फुगा लगेच दिसेलच असं नाही, काही दिवसांनीही येतो. तोवर खड्डा विसरलेला असतो.

फुग्यावर पॅच, पट्टी, व्हल्कनायझिंग काही चालत नाही. टायर बदलायचा. स्टेपनी म्हणूनही ठेवू नका, अडचणीच्या वेळी तोच लावून हायवेला निघाल.

बाजूला उभी बारीक खळगी मात्र दोष नसते. आतले थर जिथे एकावर एक जोडलेले असतात तिथे हवा भरल्यावर किंचित आत ओढल्यासारखं दिसतं. आत गेलेलं निरुपद्रवी, बाहेर आलेलं धोक्याचं.

वॉरंटीमध्ये किलोमीटर भरून मिळतात का?

नेहमीची वॉरंटी कारागिरी आणि मालातल्या दोषासाठी असते. झीज, खड्ड्याचा मार, कट, चुकीची हवा, चुकीचं अलाइनमेंट हे तिच्यात बसत नाही. तपासणीस पहिल्यांदा खोली मोजतो आणि झीज एकसारखी आहे का ते बघतो. कड खाल्लेली दिसली की किलोमीटरचा दावा तिथेच संपतो. मान्य झालेला दावाही सहसा उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळतो, पूर्ण टायर फुकट नव्हे. काही कंपन्या कट आणि फुग्यासाठी वेगळी वॉरंटी देतात. तुम्ही खराब रस्त्यावर असाल तर विकत घेताना किलोमीटरची चौकशी करण्यापेक्षा या वॉरंटीची मुदत विचारा, आणि बिलावर टायरचा नंबर घालून घ्या.

खड्ड्यांच्या रस्त्यावर हवा थोडी कमी ठेवली तर बरं ना?

आराम वाटतो, पण टायरला ते सोसत नाही. कमी हवेत भिंत जास्त दबते, म्हणून रिमपर्यंत चिमटा बसण्याची शक्यता वाढते. दोन्ही कडा झिजतात आणि टायर तापतो. जास्त हवेत उलट होतं, मध्य झिजतो आणि प्रत्येक दणका थेट आत पोचतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा जवळपास स्टिकर असतो, त्यातला आकडा पाळा. पाच माणसं आणि सामान असेल तर त्यावरचा पूर्ण भाराचा आकडा.

हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय चढतो. दुपारी तापलेल्या टायरमध्ये ३६ दिसले म्हणून ३२ वर आणलेत, तर रात्री तो २८ वर जातो. आणि एकाच चाकात पंधरवड्याला दोन-तीन पीएसआय कमी होत असतील तर पंक्चर शोधत बसण्याआधी रिम बघा. खड्ड्याने रिमची कड वाकते, टायर तिथे नीट बसत नाही आणि हवा मुरत जाते.

नायट्रोजनचं विचारलंच जातं, म्हणून सांगतो: साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा, पण गेज वापरायचं सोडू नका.

पावसाळ्यात टायर जास्त झिजतात का?

कमी झिजतात. ओल्या रस्त्यावर घर्षण कमी आणि रबर थंड असतं. पण पाणी रबर कापायलाही मदत करतं, ओलं रबर दगडाच्या धारेला लवकर फाटतं. त्यात खड्डा पाण्याने भरलेला, म्हणजे खोली दिसत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये नक्षी टिकते आणि टायर मात्र कट आणि फुग्याने जातात.

दुसरी गोष्ट, १.६ ही कायद्याची हद्द आहे. कोकणातल्या पावसात पाणी फेकायला ती पुरत नाही. तीन मिलिमीटरच्या खाली पकड झपाट्याने कमी होते, म्हणून पावसात रोज महामार्गावर असणाऱ्याने तीनला टायर बदलावा असं माझं मत आहे. मग वापरायचे मिलिमीटर ५.९ ऐवजी ४.५ राहतात. सगळं आदर्श असलं तरी पन्नासचे अडतीस हजार तिथेच होतात.

सिमेंटचे रस्ते टायर खातात म्हणे?

पृष्ठभागावर अवलंबून आहे. काँक्रीटला पकडीसाठी आडव्या रेघा पाडलेल्या असतात, आणि नव्या रस्त्यावर त्या रेघांच्या कडा खरखरीत असतात. पण गुळगुळीत सिमेंटवर एका वेगात चाललेला टायर फुटक्या डांबरावर दर शंभर मीटरला ब्रेक खाणाऱ्या टायरपेक्षा जास्त टिकतो. समृद्धीसारख्या रस्त्यावर टायर फुटतात ते झिजेने कमी आणि तास-तासभर सलग वेगाने, कमी हवेत, आधीच खड्ड्यात मार खाल्लेला टायर तापल्याने जास्त. खड्ड्यांच्या रस्त्यावरून येऊन तशा मार्गावर चढण्याआधी चारही टायरच्या बाजू, आतली बाजू धरून, बघाव्यात.

सोळा इंची अलॉय लावले तर?

दिसायला छान. १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ यांची बाहेरची उंची जवळजवळ सारखीच, ६२ सेंटिमीटर. पण पहिल्यात भिंत १२० मिलिमीटर आहे, दुसऱ्यात १०७. खड्ड्याचा दणका जिरवायला असलेली १३ मिलिमीटरची जागा तुम्ही रिमला दिलीत. उखडलेल्या रस्त्यावरच्या गाडीला मी हा बदल सुचवत नाही.

जास्त टिकणारा, कडक रबराचा टायर घेऊ का?

सारखी झीज हीच तुमची अडचण असेल तर घ्या. कड खात असेल किंवा फुगे येत असतील तर कडक रबराने काहीच वाचत नाही, आणि ओल्या रस्त्यावरची पकड थोडी कमी होण्याची शक्यता असते.

माझा टायर किती चालेल हे मला घरी काढता येईल का?

येईल. नक्षीची खोली मोजायचं गेज घ्या, किंवा व्हर्नियरच्या मागची काडी चालते. प्रत्येक टायरची खोली तीन जागी मोजायची, आत, मध्ये, बाहेर, आणि किलोमीटरसह लिहून ठेवायची. पाच हजार किलोमीटरने पुन्हा मोजा. सगळ्यात कमी आकडा असलेल्या जागेचा हिशेब वरच्या उदाहरणासारखा करा. आत आणि मध्य यांत पाच हजारांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, तर किलोमीटर मोजत न बसता गाडी अलाइनमेंटला न्या. टायरच्या आतल्या बाजूचा आकडा घ्यायला स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं की गाडी उचलावी लागत नाही, निदान पुढच्या चाकांना तरी.

फुग्यामुळे एकच टायर गेला. बाकीचे वीस हजार चाललेत. एकच नवा घेऊ?

त्याच एक्सलवरच्या दुसऱ्या टायरची खोली बघा. फरक दोन मिलिमीटरच्या आत असेल तर त्याच मापाचा आणि त्याच नक्षीचा एक घेऊन चालतं. त्याहून जास्त असेल तर दोन घ्या आणि ते मागच्या चाकांना लावा. जुन्या जोडीतला फुगा नसलेला टायर स्टेपनीला ठेवा. स्टेपनी आधीपासून न वापरलेली, त्याच मापाची असेल तर एकच नवा विकत घेऊन तिच्याबरोबर जोडी लावता येते. पण तिच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का आधी वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबर न वापरताही म्हातारं होतं. शिक्का आठ-दहा वर्षांपूर्वीचा असेल किंवा भिंतीवर बारीक भेगा दिसत असतील, तर ती जोडी लावू नका.